खुलासा, तीनशे अक्षरांत

मनुष्य आजारी पडला, त्याच्या घरी कोणी निवर्तले, किंवा त्याने रीतसर अर्ज करून रजा मंजूर करून घेतली, तर त्याने सक्तीच्या प्रशिक्षण-शिबिरास न जाणे क्षम्य आहे, असे आमच्या पेढीच्या मनुष्यबळ विभागाचे उदार धोरण आहे. परंतु त्याच वेळी तो पेढीचेच काम करीत बसला होता असे निष्पन्न झाल्यास मात्र त्याची गय नाही. गैरहजेरीच्या खुलाशासाठी संगणकावर जो तक्ता भरावा लागतो, त्यात कारणांची निवड करण्यासाठी आजारपण, निकटवर्तीयाचे निधन, मंजूर रजा आणि इतर अशी चारच स्थाने ठेवलेली आहेत. काम हे 'इतर'मध्ये मोडते. 'इतर'वर बोट ठेवले की खाली एक लहानसा चौकोन उघडतो आणि त्यात आपले जे काही म्हणणे असेल ते तीनशे अक्षरांत मांडावे, अशी सूचना बारीक टाइपात लुकलुकू लागते. ज्याच्या वाक्यातील पहिला स्वल्पविराम सुमारे तीनशेव्या अक्षराच्या आसपास उगवतो, अशा माझ्यासारख्या माणसाची या चौकोनात काय अवस्था झाली असेल, याची कल्पना सुज्ञ वाचकांनी हा परिच्छेद वाचतानाच केलेली असणार.

ज्या शिबिरास मी गैरहजर राहिलो, त्याचा विषय 'प्रभावी लेखी संवाद' हा होता, आणि तारीख होती 30 सप्टेंबर 2023, वार शनिवार. ज्यांचा प्राप्तिकराशी संबंध केवळ पगारातून कापून जाण्यापुरता येतो त्यांना या तारखेत काही विशेष दिसणार नाही. परंतु सनदी लेखापालांच्या कचेऱ्यांत 30 सप्टेंबर ही टॅक्स ऑडिटचा अहवाल दाखल करण्याची अखेरची मुदत असून, त्या दिवशी आमच्यापैकी कोणी घरी जेवायला आला तर घरच्यांना तो पाहुणा वाटतो. अर्थात मुदत आहे म्हणून ती पाळली जाईलच असे नाही. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे 2022 साली, सरकारने ती 7 ऑक्टोबरपर्यंत वाढवली आणि वाढवल्याचे परिपत्रक ऐन 30 सप्टेंबरलाच काढले. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की आमचा सारा व्यवसाय मृगाच्या सरीकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यासारखा मुदतवाढीची वाट पाहू लागतो. 2023 साली ती सर आली नाही.

शिबिराचे फर्मान निघाल्याबरोबर मी मनुष्यबळ विभागाच्या तरुण मॅडमना भेटलो.

"मॅडम, तीस तारखेला टॅक्स ऑडिटची शेवटची मुदत आहे."

"हो सर, आम्हांला माहीत आहे ना. म्हणूनच तर तो दिवस धरला. एरवी तुम्ही सगळे जण एका वेळी पुण्यात सापडता कुठे?"

या तर्कात कोठेही फट नव्हती. मी गप्प राहिलो आणि शिबिरास जाण्याचे मनापासून ठरवले. इतकेच नव्हे, तर आपल्याकडची सारी कामे गणेशोत्सवापूर्वीच हातावेगळी करण्याची तजवीज केली. गुरुवारी अनंत चतुर्दशी झाली, विसर्जनाची मिरवणूक पुण्याच्या प्रथेप्रमाणे शुक्रवारपर्यंत चालली, त्या शुक्रवारी ईदची सुट्टी होती, आणि त्या रात्री ढोलांचा नाद कानांतून पुरता ओसरलेला नसताना कोल्हापूरहून अण्णांचा फोन आला.

अण्णा हे कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील गुळाचे जुने आडत्ये. दिवाळीपाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघाले की त्यांना श्वास घ्यायला सवड नसते; सप्टेंबरात मात्र गुऱ्हाळे थंड असतात, गाळ्यात पाल चुकचुकलेली ऐकू येते, आणि अशा निवांत वेळी त्यांना आपल्या हिशेबातील राहिलेल्या गोष्टी एकेक करून आठवू लागतात.

"साहेब, झोपला न्हाईसा न्हवं? एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली व्हती."

वीस वर्षांच्या व्यवसायाने मला एक गोष्ट शिकवली आहे, ती ही की अशील ज्या गोष्टीला बारीकशी म्हणतो ती सहसा ताळेबंदात मावत नाही. ही बारीकशी गोष्ट समजावयाची, तर आडत्यांच्या दोन जातींची माहिती करून घेणे अवश्य आहे. कच्चा आडत्या हा शेतकऱ्याचा केवळ मुनीम असतो. माल शेतकऱ्याचा, विक्री शेतकऱ्याची, नफातोटाही शेतकऱ्याचा, आणि याच्या पदरात पडते ती फक्त आडत. पक्का आडत्या माल स्वतःच्या जोखमीवर घेतो व स्वतःचा म्हणून विकतो. प्रत्यक्ष कर मंडळाने 17 मार्च 1986 रोजी काढलेल्या 452 क्रमांकाच्या परिपत्रकात हा भेद मान्य केला असून, टॅक्स ऑडिटची मर्यादा पाहताना कच्च्याची केवळ आडत मोजावी आणि पक्क्याची मात्र संपूर्ण विक्री मोजावी असे सांगितले आहे. अण्णा पिढ्यान्‌पिढ्या कच्चे. त्यांची आडत वर्षाकाठी दहा लाखांच्या घरात, ऑडिटची मर्यादा एक कोटीची; तेव्हा अण्णांच्या वाटेला 30 सप्टेंबर कधी जातच नसे, आणि आम्हीही त्यांचे जमाखर्च तपासून, बिनऑडिटचे विवरणपत्र जुलैअखेर भरून मोकळे झालो होतो.

"गेल्या साली गुजरातला थोडा माल आमीच घेऊन धाडला," अण्णा म्हणाले.

"थोडा म्हणजे किती?"

"असंल दीड कोटीचा."

मी अंथरुणात उठून बसलो. त्या व्यवहाराच्या पट्ट्या आणि बिले त्यांच्या पुतण्याने पाठवलेल्या गठ्ठ्यात होतीच. ती मी संगणकावर शेजारी शेजारी मांडली. शेतकऱ्याला दिलेल्या पट्टीत जो भाव लिहिलेला असतो, तोच भाव खरेदीदाराच्या बिलात दिसला तर आडत्या कच्चा. येथे पट्टीत क्विंटलला 3,600 आणि त्याच मालाच्या, त्याच वजनाच्या बिलात 3,850. मधल्या अडीचशे रुपयांना कोणताही वकील आडत म्हणू शकला नसता. दीड कोटींची स्वतःची विक्री आणि दहा लाखांची आडत मिळून एक कोटी साठ लाख झाले. रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असता तर मर्यादा दहा कोटींपर्यंत वर सरकली असती. परंतु गुळाच्या बाजारात रोकड पाच टक्क्यांत राहावी अशी अपेक्षा ज्याने धरली, त्याने बाजार पाहिलेला नसावा. सारांश, अण्णा एका रात्रीत कच्च्याचे पक्के झाले होते, आणि अहवाल दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीच्या आत गेला नाही, तर विक्रीच्या अर्ध्या टक्क्याप्रमाणे 80,000 रुपये दंडाची टांगती तलवार त्यांच्या फेट्यावर लोंबणार होती.

मी तत्काळ आमच्या भागीदार साहेबांना फोन लावला.

"अण्णांचे काम उद्याच्या उद्या झालेच पाहिजे," साहेब म्हणाले.

"पण साहेब, उद्या शिबिर आहे."

"त्यालाही तुम्ही आलेच पाहिजे. मी स्वतः उद्घाटन करणार आहे."

"दोन्ही एकाच वेळी कसे जमणार?"

"आता याचे नियोजनही मीच करायचे का?" असे म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि कठीण प्रश्न हाताखालच्या माणसावर सोपवून निद्राधीन होण्याची ही सिद्धी ज्याला साधते तोच भागीदार होतो, हे मला पुन्हा एकवार पटले.

शनिवारी सकाळी सारी पेढी एका हॉटेलाच्या वातानुकूलित सभागृहात 'वाक्य लहान कसे करावे' याचा अभ्यास करू लागली, आणि मी रिकाम्या कचेरीत चव्वेचाळीस कलमांचा तक्ता भरू लागलो. कर-लेखापरीक्षणाच्या त्या तक्त्यात सरकारला काय विचारावेसे वाटेल याचा नेम नाही. परंतु हिशेब पूर्वीच तपासलेले असल्यामुळे दुपारपर्यंत मजकूर सिद्ध झाला, सनदी लेखापालांच्या संस्थेकडून घ्यावयाचा अठरा अंकी क्रमांकही साहेबांच्या वतीने मिळवण्याची व्यवस्था झाली, आणि आता अहवालावर साहेबांची डिजिटल सही तेवढी उमटवायची, अशा सुखद टप्प्यावर मी येऊन पोहोचलो. ही सही एका बोटाएवढ्या टोकनमध्ये वास करते. टोकन साहेबांच्या कोटाच्या खिशात होते. कोट साहेबांच्या अंगावर होता, आणि साहेब उद्घाटन उरकून शिबिरातच अडकले होते.

रिक्षा करून मी हॉटेल गाठले, तेव्हा भोजनाची सुट्टी झाली होती. साहेब टेबलांच्या पलीकडच्या टोकाला प्रशिक्षकांशी बोलत होते आणि मध्ये जेवणाऱ्यांची रांग होती. हातात ताटली नसलेल्या मनुष्याला त्या रांगेतून पुढे सरकू देणे हे तेथील वाढप्याला मान्य नव्हते, म्हणून मी ताटली घेतली. रिकामी ताटली घेऊन पुढे जाणाऱ्याकडे तो अधिकच संशयाने पाहू लागला, म्हणून तीत एक बटाटेवडा ठेवून घेतला. अशा रीतीने वड्यासह मी साहेबांपर्यंत पोहोचलो, त्यांनी प्रशिक्षकांचे लक्ष नाही असे पाहून टोकन माझ्या मुठीत सरकवले, आणि मी वळणार तोच प्रशिक्षक सुहास्य मुद्रेने म्हणाले,

"आपली ओळख नाही झाली. एका छोट्या वाक्यात सांगा पाहू, आपण कोण?"

मी वाक्य सुरू केले. पेढीतील माझी नेमणूक, प्राप्तिकर विभागातील माझे स्थान, आणि मी आलो असूनही आलेलो नाही हा नाजूक मुद्दा, एवढे सारे त्यात गुंफताना कर्त्यापासून क्रियापदापर्यंतचे अंतर वाढत गेले, आणि क्रियापद दृष्टिपथात येण्यापूर्वीच सुट्टी संपल्याची घंटा झाली. प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी टिपून घेतले. त्या टिपणाचे पुढे काय होणार आहे, याची मला तेव्हा सुतराम कल्पना नव्हती.

अहवाल चढला. पण लेखापालाने अहवाल चढवला म्हणजे तो दाखल झाला असे कायदा समजत नाही. करदात्याने स्वतःच्या खात्यात शिरून, प्रलंबित कामांच्या यादीतून तो उघडून, 'मान्य' म्हणावे लागते. अण्णा आपला परवलीचा शब्द विसरले होते. तो नव्याने घ्यायचा, तर आधारशी जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो आणि पंधरा मिनिटांत निष्प्राण होतो.

"अण्णा, ओटीपी आला का?"

"त्यो पोराच्या मोबाईलवर येतोय."

"पोरगा कुठे आहे?"

"बँकेत. दोन हजाराच्या नोटा बदलायच्या हायत न्हवं? त्याचीबी आजच शेवटची तारीख हाय."

हे अक्षरशः खरे होते. रिझर्व्ह बँकेने दोन हजारांच्या नोटांसाठी हीच 30 सप्टेंबर मुक्रर केली होती, महिन्यातील पाचवा शनिवार असल्याने बँका उघड्या होत्या, आणि पुतण्या मोबाईल मुका करून रांगेत उभा होता. माझे ओटीपी एकामागून एक कोल्हापूरच्या बँकेत त्याच्या खिशात जन्मले आणि तेथेच गतप्राण झाले.

संध्याकाळी पुतण्या घरी आला, त्याने मोबाईल उघडला, आणि आता सारे सुरळीत होणार अशा आशेने मी फोन केला, तो अण्णा अत्यंत प्रसन्न आवाजात म्हणाले, "साहेब, आता दमानं घ्या. मुदत वाढली की! सात ऑक्टोबर. टीव्हीवर दावत्यात."

क्षणभर माझेही अंतःकरण उचंबळून आले. मग लक्षात आले, की रिझर्व्ह बँकेने त्याच दिवशी वाढवलेली मुदत ही नोटांची होती.

"अण्णा, ती नोटांची."

"मंग ऑडिटची कवा वाढणार?"

"नाही वाढणार."

"गेल्या साली वाढली व्हती न्हवं? तवाबी सातच तारीख व्हती." मग थोडे थांबून, सरकारची अडचण समजावून सांगावी अशा स्वरात ते म्हणाले, "साहेब, नोटांची वाढवली त्यांनी, तुमची कशाला ठेवत्यात?"

या युक्तिवादाला उत्तर देण्यात माझा जो वेळ गेला, त्या वेळात सरकारी संकेतस्थळाची गती देशभरच्या अशाच अण्णांमुळे मंदावत मंदावत गोगलगाईलाही हसू यावे अशी झाली. अखेरीस 80,000 या आकड्याचा उच्चार केल्यावर अण्णांनी चष्मा लावला, पुतण्याने ओटीपी वाचून दाखवला, आणि रात्री अकराच्या पुढे केव्हातरी अहवाल मान्य झाल्याची पोच पडद्यावर उमटली. शिबिर संपून त्या वेळी सहा तास लोटले होते आणि सहभागाची प्रमाणपत्रे वाटून झाली होती.

मंगळवारी मला खुलाशाचा तक्ता आला. मी 'इतर' निवडून, पट्टी आणि बिलापासून ओटीपीपर्यंतचा वृत्तान्त यथाक्रम लिहिला, 'पाठवा'वर बोट दाबले आणि निश्चिंत झालो. परंतु चौकोनाने तीनशे अक्षरे ठेवून घेतली आणि उरलेला इतिहास निर्विकारपणे कापून टाकला. विभागाच्या हाती जे पडले, ते असे होते: 'शुक्रवारी रात्री कोल्हापूरच्या गुळासंबंधी कच्चे व पक्के यांचा घोटाळा होऊन माझी झोप उडाली, व शनिवारी दिवसभर त्याच त्रासाने मला जागेवरून हलता आले नाही, दुपारी एकदा कसाबसा बाहेर पडलो, परंतु लगेच परतावे लागले, आणि रात्री अकरापर्यंत मोकळे होण्याची कोणतीही चिन्हे दिसत नसल्यामुळे शिबिरास येण्याचे मनात असून'.

मॅडमनी मला बोलावून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर सहानुभूती होती.

"सर, पोट बिघडलं होतं तर सरळ 'आजारपण' निवडायचं ना! फक्त डॉक्टरांचा दाखला जोडा. आणि एक विचारू का? इतका त्रास होता तर मग बटाटावडा कशाला खाल्लात?"

"कोणी सांगितले वडा खाल्ला म्हणून?"

त्यांनी प्रशिक्षकांचा अहवाल पुढे केला. त्यात लिहिले होते: 'एक गृहस्थ दुपारी आले. वडा घेतला. बोलू लागले. संपले नाहीत.' चार वाक्ये. शिबिरातील तत्त्वांचा याहून शुद्ध आविष्कार मी पाहिलेला नाही.

आजार नव्हता, काम होते, हे मी पुराव्यासह शाबीत करू लागलो. अठरा अंकी क्रमांक दाखवला, पोच दाखवली, पोचेवरची वेळ दाखवली. मॅडमनी सारे कागद आदराने पाहिले. "पण सर," त्या म्हणाल्या, "यावरून अहवाल भरला गेला एवढंच दिसतं. तुम्ही शिबिरात नव्हता हे कुठे दिसतं? उलट जेवायला होतात असंच दिसतं." माणूस आजारी होता हे सिद्ध करायला शंभर रुपयांचा दाखला पुरतो, तो कचेरीत बसून काम करीत होता हे सिद्ध करण्याची सोय मात्र आमच्या पेढीनेच काय, कोणत्याच कचेरीने अद्याप केलेली नाही, बहुधा असा प्रसंग वारंवार उद्भवत नसल्यामुळे. साहेबांची साक्ष काढावी म्हटले, तर आपण शिबिरात बसून चोरून टोकन दिले हे त्यांना कबूल करावे लागले असते, आणि त्यांनी तर मोबाईल व अन्य कामे दूर ठेवण्यावरच उद्घाटनाचे भाषण केले होते.

शेवटी माझा एक तरुण सहकारी मदतीला धावला. तो शिबिरात आरंभापासून अखेरपर्यंत, मागच्या बाकावर मांडीवरील संगणकात तीन अशिलांचे अहवाल भरीत, हजर होता आणि त्याला प्रमाणपत्र मिळाले होते.

"दादा, तुम्ही सरका, मी लिहितो," असे म्हणून त्याने चौकोनात तीन वाक्ये टाकली: 'अशिलाचे तातडीचे काम होते. क्षमस्व. पुन्हा होणार नाही.'

पहिली दोन मला मान्य होती. तिसऱ्यावर सही करणे मात्र मला माझ्या व्यवसायनिष्ठेला धरून वाटेना, कारण मुदत दरवर्षी त्याच तारखेला येणार, अण्णांना त्याच्या आदल्या रात्री काहीतरी आठवणार, आणि आम्ही सर्व जण एका वेळी पुण्यात सापडतो तो दिवस बदलण्याचे विभागालाही काही कारण दिसत नव्हते. मी 'पुन्हा सहसा होणार नाही' अशी दुरुस्ती सुचवली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा शेरा आला, की 'सहसा' हा शब्द मोघम असून शिबिरात दिलेल्या वर्ज्य शब्दांच्या यादीत तो सातवा आहे, तरी त्याऐवजी निश्चित अट नमूद करावी.

मी निश्चित अट नमूद केली. 'मुदत वाढल्यास पुन्हा होणार नाही' असे वाक्य करून पाठवले, आणि ते त्याच दिवशी, विनाशेरा मंजूर झाले.